९.६० लाख की ७.९५ लाख? दोन ऑफर हातात आहेत, डोकं चालंना झालंय

मोल्डिंगवाला
नमस्कार मंडळी. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली, सध्या उद्यमनगरातल्या एका छोट्या युनिटमध्ये. दोन ऑफर आल्यात आणि दोन्हीला पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. राहतो फुलेवाडीला, घरी बायको, एक पोरगी, आई-वडील. वडिलांना शुगर आहे, आईचं गुडघ्याचं दुखणं.

पहिली कंपनी कागल पंचतारांकित एमआयडीसीला, सीटीसी ९,६०,०००. दुसरी शिरोलीला, सीटीसी ७,९५,०००. काम साधारण तेच, पद पण तेच. मेव्हणा म्हणतोय यात विचारायचं काय, एक लाख पासष्ट हजाराचा फरक आहे, डोळे झाकून कागल घे. पण ऑफर लेटरचं शेवटचं पान उघडलं की मला काहीतरी गडबड वाटते, नेमकी कुठं ते सापडत नाही. लेटरात आहे तसं लिहितो.

कागल: बेसिक २२,०००, एचआरए ८,८००, स्पेशल अलाउन्स २०,२००, म्हणजे महिना ५१,०००. मग वर्षाचे म्हणून कंपनीचा पीएफ ३१,६८०, ग्रॅच्युइटी १२,६९८, मेडिक्लेम १८,६२२, जॉइनिंग बोनस ४५,००० आणि परफॉर्मन्स पे २,४०,०००.

शिरोली: बेसिक २९,०००, एचआरए ११,६००, स्पेशल १३,४००, महिना ५४,०००. वर्षाचा पीएफ ४१,७६०, ग्रॅच्युइटी १६,७३९, मेडिक्लेम २८,५०१, आणि तिमाही इन्सेंटिव्ह वर्षाला ६०,०००.

कागलला बस नाही. शिरोलीची बस रंकाळा स्टँडवरनं, फुकट. सांगा आता.

सीएनसी_विक्या
पार्टी कुठं ते आधी सांग, तांबडा-पांढरा झाल्यावर सल्ला मिळेल 😄

हिंजवडीकर_मूळ_गारगोटी
भावा सात वर्षं अनुभव आणि अजून कोल्हापुरातच? चाकणला ये, बारा-तेरा सहज मिळतील. मी २०१६ ला आलो, आज बघ. तिकडं राहून करिअर होत नाही.

मोल्डिंगवाला
@हिंजवडीकर दादा प्रश्न पुण्याचा नाहीये. आई-वडिलांना सोडून जायचं नाही, ते ठरलेलं आहे. या दोनमधलंच बोलूया.

हिशोबाची_वही
पगारपत्रकं करण्यात माझी पंधरा वर्षं गेलीत त्यामुळं राहवत नाही, लिहितेच. दादा तुम्हाला गडबड वाटते ती बरोबर वाटते. सीटीसी हा आकडा कंपनीला तुम्ही किती पडता याचा आहे, तुमच्या हातात किती येतात याचा नाही. तो क्षणभर बाजूला ठेवा आणि दर महिन्याला बँकेत काय पडेल ते बघा.

कागल: ५१,००० मधनं तुमचा पीएफ २,६४० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की ४८,१६०. शिरोली: ५४,००० मधनं ३,४८० आणि २०० गेले की ५०,३२०. म्हणजे ज्या ऑफरचा आकडा एक लाख पासष्ट हजारानं मोठा आहे तिथं दर महिन्याला २,१६० रुपये कमी मिळणार. आणि शिरोलीत पीएफ दोन्ही बाजूनं जास्त साठतोय तो वेगळाच. इन्कम टॅक्सचं डोक्यातनं काढून टाका, नवीन पद्धतीत पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर कर शून्य, तुमच्या दोन्ही ऑफर त्याच्या खालीच आहेत, अगदी सगळा व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट बघून मिळणारा भाग, मिळाला तरी.

मग कागलचे जास्तीचे पैसे आहेत कुठं? २,४०,००० परफॉर्मन्स पे मध्ये आणि ४५,००० जॉइनिंग बोनसमध्ये. जॉइनिंग बोनस पहिल्याच वर्षी, एकदाच. पुढच्या वर्षी तुमची सीटीसी आपोआप ९,१५,००० झालेली असेल आणि कुणी सांगणारही नाही. म्हणून माझा प्रश्न एकच, त्या २,४०,००० पैकी किती टक्के मिळाले तर कागल शिरोलीच्या बरोबरीला येतं?

मांडा. पक्का पगार आणि कंपनीचा पीएफ धरून कागल ६,४३,६८०, शिरोली ६,८९,७६०. शिरोलीचा तिमाही ६०,००० पूर्ण धरला तर ७,४९,७६०. फरक १,०६,०८०. म्हणजे कागलचा व्हेरिएबल ४४ टक्के तरी मिळायला पाहिजे, तेव्हा कुठं बरोबरी. त्याच्या वरचं मिळालं तर ते कागलचं खरं जास्तीचं.

सीएनसी_विक्या
आयला, म्हणजे ९.६० वाला महिन्याला कमी देतोय? मी आजवर पहिलं पान बघूनच सही करत आलोय 🙈

मोल्डिंगवाला
ताई हे मला दिसतच नव्हतं. पण ४४ टक्के तर मिळेलच की? एचआर म्हणाला "सगळ्यांना मिळतो".

हिशोबाची_वही
"सगळ्यांना मिळतो" आणि "सगळ्यांना पूर्ण मिळतो" यात फार अंतर आहे. लेटरमध्ये परफॉर्मन्स पे खाली बारीक अक्षरात अटी असतील, त्या टाका इथं.

मोल्डिंगवाला
टाकतो. निम्मा कंपनीच्या नफ्याच्या टार्गेटवर, निम्मा स्वतःच्या केआरएवर, म्हणजे मला दिलेल्या टार्गेटवर. कंपनीचं टार्गेट ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर कंपनीचा निम्मा भाग शून्य. आर्थिक वर्ष संपल्यावर जुलैच्या पगारात मिळणार. त्या तारखेला नोकरीत असायला पाहिजे आणि नोटीस पिरियडमध्ये नसायला पाहिजे. नोटीस ९० दिवस. जॉइनिंग बोनस २४ महिन्यांच्या आत सोडलं तर परत करायचा. माझा केआरए म्हणजे इन-हाउस रिजेक्शन ४ टक्क्यांच्या खाली आणि कस्टमर रिटर्न कमी.

रंकाळ्याचा_काका
बाळ, मी रिटायर झालो पण हे सगळं भोगलेलं आहे म्हणून लिहितो. आमच्या कंपनीत पण असाच व्हेरिएबल होता, चार-पाच वर्षं दर वर्षी शंभराला ऐंशी-नव्वद मिळाले, आम्ही तो पगारच समजायला लागलो, पोराच्या हॉस्टेलची फी त्यातनंच जायची. मग २०२० आलं. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन, आणि मागल्या वर्षाचा द्यायचा होता तो पण थांबवला, नंतर पत्र आलं की शून्य. वर्ष तर आम्ही चांगलं काम करून पूर्ण केलं होतं. कुणाला विचारणार? लेटरमध्ये लिहिलंच होतं, मॅनेजमेंटच्या मर्जीनुसार. त्या साली फी सोसायटीच्या कर्जातनं भरली. चूक आमची पण होती, खर्च व्हेरिएबलवर बांधून ठेवला होता.

शिरोली_शिफ्ट
मी फाउंड्रीतच आहे, मेथड्सला, आणि केआरए वाचून हसू आलं. इन-हाउस रिजेक्शन ४ टक्के हे क्वालिटीवाल्याच्या गळ्यात बांधायचं म्हणजे डॉक्टरला म्हणायचं गावात कुणी आजारी पडला तर तुझा पगार कापू. रिजेक्शन कुठनं येतं? सँड प्लांटमध्ये वाळूचा ओलावा हलला की ब्लो होल, कोअर नीट भाजला नाही की गॅस, पॅटर्न झिजला की मिसमॅच, मेटल थंड ओतलं की कोल्ड शट. यातलं तुमच्या हातात काय आहे? मोजणं आणि ओरडणं. सँड प्लांट प्रॉडक्शनच्या ताब्यात, पॅटर्न दुरुस्तीचं बजेट मॅनेजरच्या ताब्यात.

वर आणि एक गंमत होते ती ऐका. माणसाचा पैसा रिजेक्शनच्या आकड्यावर असला की आकडा खाली ठेवायचे दबाव चालू होतात, फिनिशिंगला काम पाठवा, वेल्डिंग-पुट्टी करा, पास करा. मग तोच पीस गिऱ्हाइकाच्या मशीनिंगला उघडा पडतो आणि कस्टमर रिटर्न वाढतो. म्हणजे तुमचा एक केआरए सांभाळला की दुसरा पडतो. कागलवाल्यांना सरळ विचारा की गेल्या तीन वर्षांत प्लांटचं रिजेक्शन किती होतं. ते ६-७ च्या आसपास असेल आणि तुम्हाला ४ दिलं असेल तर तो निम्मा भाग आत्ताच विसरा.

मोल्डिंगवाला
हे मी इंटरव्ह्यूत विचारलंच नाही राव. उलट मीच म्हणालो की आमच्याकडं ५ आहे, मी ४ वर आणीन. पोपटासारखा 😅

गोकुळशिरगावचा
एक गोष्ट कुणी बोललं नाही. नवीन लेबर कोड लागू झालेत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, आता ग्रॅच्युइटी एका वर्षात मिळते सगळ्यांना. त्यामुळं दोन्हीकडं ती रक्कम पक्कीच धरा. आणि बेसिक ५० टक्के करावंच लागतं, कागलचं बेसिक ४३ टक्के आहे म्हणजे ते बेकायदेशीर आहे, उद्या पीएफ वाढवून हातातला पगार अजून कमी करतील.

हिशोबाची_वही
@गोकुळशिरगावचा अर्धं बरोबर आहे तुमचं. कोड लागू झाले ते खरं. पण एका वर्षात ग्रॅच्युइटी ही फिक्स्ड टर्मवाल्यांसाठी, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी. दादांच्या दोन्ही ऑफर कायम नोकरीच्या दिसतात, त्यांना पाच वर्षंच. मध्येच सोडलं तर लेटरमधले ते १२,६९८ आणि १६,७३९ दोन्ही हवेत गेले. म्हणूनच मी ते हिशोबात धरलेच नाहीत.

पाच वर्षं टिकलं तर मात्र बेसिकचा फरक दिसतो. आजच्या बेसिकवर जुन्या पद्धतीनं, २६ दिवसांचा महिना आणि वर्षाला १५ दिवस धरून, कागलला पाच वर्षांचे साधारण ६३,४६२ आणि शिरोलीला ८३,६५४.

आता ५० टक्क्यांचं. बेसिक स्वतःच निम्मं असलं पाहिजे असा तो नियम नाही. वगळायच्या भत्त्यांची यादी आहे, एचआरए वगैरे, आणि ते मिळून निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. स्पेशल अलाउन्स त्या वगळायच्या यादीत नाही. त्यामुळं कागलचं लेटर बेकायदेशीर म्हणता येणार नाही, उलट ग्रॅच्युइटीसाठी वेतन म्हणून जास्त रक्कम धरावी लागेल असं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनी कसं धरतेय ते एचआरला लेखी विचारा, मी माझ्या कंपनीचं सांगू शकते, त्यांचं नाही.

गोकुळशिरगावचा
आमच्या सुपरवायझरनं तर सांगितलं सगळ्यांना एक वर्ष. असो. तुम्ही म्हणता ते बघतो.

सीएनसी_विक्या
दिवाळी बोनसचं काय? ८.३३ टक्के कायद्यानं मिळतो ना, कागलवाल्याकडनं तो पण वसूल कर

हिशोबाची_वही
@विक्या तो २१,००० पर्यंत वेतनवाल्यांना. दोघांचं बेसिक त्याच्या वर आहे. कागलचं २२,००० तर रेषेच्या जेमतेम वर बसलंय, हा योगायोग असेल असं मला वाटत नाही पण असू दे.

पेठेतली_पूजा
दादा तुम्ही आई-वडिलांचं लिहिलंत आणि पुढं कुणीच ते उचललं नाही. माझ्यासाठी तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा. कागलच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का? आमच्या घरात मिस्टरांनी नोकरी बदलली तेव्हा नवीन कंपनीत फक्त नवरा-बायको-मुलं होती, सासूबाईंना बीपी-शुगर, आम्ही स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं थांबा म्हणाले. दोघांचा हप्ता वर्षाला ४५ हजारांच्या आसपास जातो, आणि हा जीएसटी काढल्यानंतरचा. ग्रुप पॉलिसीत सहसा पहिल्या दिवसापासून जुना आजार कव्हर असतो, तो फरक पैशात मोजता येत नाही.

मोल्डिंगवाला
पूजाताई आत्ता लेटर परत उघडलं. कागल: मी, बायको, मुलं, ३ लाख. शिरोली: आई-वडील धरून ३ लाख. मी दोन्हीकडं ३ लाख बघून सारखंच समजलो होतो. वडिलांची शुगर बारा वर्षांची आहे.

रंकाळ्याचा_काका
पण एक लक्षात ठेव बाळ, कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते. साठीच्या पुढच्या माणसांना नंतर बाहेर मिळणं अवघड. जमलं तर छोटी स्वतःची पण असू दे.

हिशोबाची_वही
मग हिशोब पुढं नेऊ. बरोबरीला १,०६,०८० लागत होते. त्यात पूजाताईंचे ४५ हजार. आणि पेट्रोल. फुलेवाडीतनं पंचतारांकित एका बाजूला किती पडतं?

मोल्डिंगवाला
पंचवीस किमी धरा. गाडी ५० चं ॲव्हरेज देते.

हिशोबाची_वही
रोज ५० किमी, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १३०० किमी, २६ लिटर, १०५ चा भाव धरला तर महिना २,७३०, वर्षाला ३२,७६०, कमीत कमी ३२ हजार धरू. टायर-ऑईल धरलं नाही. सगळं मिळून १,८३,०८०. २,४०,००० च्या ७६ टक्के. म्हणजे कागलचा व्हेरिएबल दर वर्षी शंभरात ७६ मिळाला तर तुम्ही शिरोलीच्या बरोबरीला, आणि तुमचा केआरए शिरोली_शिफ्टनं सांगितला तसा. आता मेव्हण्याला सांगा एक लाख पासष्ट हजाराचं.

आणि पहिल्या वर्षी तेवढाही येणार नाही. समजा १ सप्टेंबरला रुजू झालात तर आर्थिक वर्षाचे सात महिने, म्हणजे पूर्ण मिळाला तरी जास्तीत जास्त १,४०,०००, तो पण पुढच्या जुलैला.

सगळ्यात वाईट अट मात्र ती नोटीसवाली आहे. तुम्हाला कधी सोडायचं झालं तर? एप्रिलमध्ये राजीनामा दिला तर जुलैच्या पगाराला एकतर नोटीसमध्ये असाल नाहीतर बाहेर पडलेले, संपलेल्या वर्षाचा सगळा व्हेरिएबल बुडाला. म्हणून जुलैचा पगार घेऊन ऑगस्टमध्ये राजीनामा द्यायचा, ९० दिवस, नोव्हेंबर उजाडला, मग चालू वर्षाचे एप्रिल ते नोव्हेंबर बुडाले. कधीही निघा, सात-आठ महिन्यांचा तरी व्हेरिएबल सोडूनच निघायचं. आणि दुसरी कंपनी ९० दिवस थांबायला हवी ते वेगळंच.

हिंजवडीकर_मूळ_गारगोटी
मी पुण्याचं म्हणालो ते सोडा, पण एक मुद्दा माझा ऐका. पुढची नोकरी घेताना एचआर सीटीसी विचारतो. ९.६० सांगितलं की त्यावर ३० टक्के मागता येतं, ७.९५ वर नाही. आजचे दोन हजार बघून पाच वर्षांची चढण सोडू नका. माझ्या बाबतीत हेच झालं, मी दर वेळी सीटीसी मोठी बघून घेतली.

शिरोली_शिफ्ट
हल्ली पेस्लिप मागतात हो दादा, तीन महिन्यांच्या. तिथं ५१,००० दिसणार. व्हेरिएबलचं पत्र दाखवा म्हणतात, आणि पत्रावर ४० टक्के असेल तर?

हिंजवडीकर_मूळ_गारगोटी
काही मागतात, काही नाही. आयटीत तर सर्रास सीटीसीवरच बोलणं होतं.

शिरोली_शिफ्ट
फाउंड्रीत नाही.

गोकुळशिरगावचा
गृहकर्ज काढायचं असेल तर पण बघा. मी गेल्या वर्षी फ्लॅटसाठी गेलो तर बँकेनं व्हेरिएबल धरलाच नाही, म्हणे दोन वर्षं सलग मिळालेला दाखवा मग सरासरीच्या निम्मा धरू. पक्क्या पगारावरच हप्ता बसवला. हे मात्र माझं स्वतःचं आहे, ऐकीव नाही 🙂

मोल्डिंगवाला
दोन दिवसांनी लिहितोय, माफ करा, सेकंड शिफ्ट होती. सगळं वाचून कागलच्या एचआरला फोन केला. तीन गोष्टी विचारल्या. गेल्या तीन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिला, प्लांटचं रिजेक्शन किती, आणि थोडा व्हेरिएबल पक्क्यात टाकता येईल का.

पहिल्याला म्हणाले सरासरी सत्तर-पंचाहत्तर, लेखी द्या म्हटल्यावर पॉलिसी नाही. माझ्या ओळखीचा एकजण तिथं फेटलिंगला आहे, तो म्हणतो गेल्या साली त्याच्या डिपार्टमेंटला ५८ मिळाले. दुसऱ्याला म्हणाले रिजेक्शन ५.८. तिसऱ्याला आश्चर्य म्हणजे हो म्हणाले, ६०,००० पक्क्यात टाकतो, पण स्पेशल अलाउन्समध्ये, बेसिक तेच.

हिशोबाची_वही
विचारलंत ते छान केलंत. मग नवीन हिशोब. पक्का आणि पीएफ ७,०३,६८०, शिरोलीशी फरक ४६,०८०. त्यात पेट्रोल ३२ हजार, आई-वडिलांचे ४५ हजार, एकूण १,२३,०८०. उरलेला व्हेरिएबल १,८०,०००, म्हणजे बरोबरीला ६८ टक्के. आता एचआरचे सत्तर-पंचाहत्तर खरे की तुमच्या मित्राचे ५८ खरे, त्यावर आहे सगळं. महिन्याला हातात मात्र आता कागल पुढं जातं, ५३,१६०. जॉइनिंग बोनसचे ४५,००० पहिल्या वर्षी मिळतील पण ते दोन वर्षं स्वतःचे समजू नका, बँकेत बाजूला ठेवा.

एक अजून विचारा, आई-वडिलांना पॉलिसीत स्वतःच्या पैशानं घेता येतं का. बऱ्याच कंपन्या ग्रुपच्या दरात घेऊ देतात, पैसे पगारातनं कापतात. तसं झालं तर ४५ हजारांचा आकडा खाली येतो आणि पूजाताईंचा तीन वर्षं थांबायचा प्रश्न पण सुटू शकतो.

शिरोली_शिफ्ट
५.८ वरनं ४. पहिल्या वर्षी. सँड प्लांट कुठला आहे ते बघून घ्या भेट देऊन, एवढंच म्हणतो. केआरए मध्ये "पहिल्या वर्षी ५" लिहून मागा. ते नाही म्हणाले तर तेच तुमचं उत्तर.

मोल्डिंगवाला
पॉलिसीचं आणि केआरएचं दोन्ही मेल टाकलाय. शिरोलीवाल्यांना पण विचारलं की तिमाही १५,००० कशावर आहेत, तर म्हणाले हजेरी आणि ऑडिटवर, गेल्या आठ तिमाहीत एकदाच कापला होता. बायको म्हणते शिरोली. मेव्हणा अजून कागलच म्हणतोय, त्याला हा धागा पाठवलाय, अजून निळी टिक आलेली नाही.

सीएनसी_विक्या
मेव्हण्यालाच पाठव कागलला 😂 पार्टीचं मात्र दोन्हीकडं पक्क्यात धरायचं, व्हेरिएबलमध्ये नको

पेठेतली_पूजा
दादा मेलचं उत्तर आलं की इथं लिहा हं, आमच्या दिरांची पण पंचतारांकितलाच मुलाखत आहे पुढच्या आठवड्यात.